पाच वृत्ती आणि एक धुरा

उमाठे सरांची आणि माझी ओळख आर्वीच्या बसस्टँडवर झाली, आणि तिची सुरुवात वादाने झाली. मी नुकतीच शाळेत गणित शिकवायला लागले होते. शनिवारची अर्धी शाळा सुटली की मी वर्ध्याला आईकडे जायची आणि सर तळेगावकडे, शेतावर. ते संस्कृत शिकवतात एवढंच मला माहीत होतं. डेपोच्या मागे धूळ उडालेली दिसली, म्हणून मी सहज म्हटलं, "आली वाटतं वर्ध्याची बस."

शेजारी टोपी घातलेले सर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी अडकित्ता थांबवला.

"वाटते कशावरून?"

"धूळ दिसतेय ना."

"म्हंजे अनुमान. धूर दिसला का आग, तसं धूळ दिसली का बस. बरं." तेवढ्यात कंट्रोलरने खिडकीतून ओरडून सांगितलं की वर्धा गाडी लागते आहे. सरांनी बोट वर केलं. "हा आगम. जाणत्या माणसानं सांगतलं म्हणून मानलं." बस वळून समोर आली, कपाळावर 'वर्धा' अशी पाटी होती. "आणि हे प्रत्यक्ष. तिन्ही प्रमाणं जुळली बाई, बसा आता खुशाल."

मी खुशाल जाऊन बसले. ती गाडी कारंजाला चालली होती. ड्रायव्हरने पाटी बदललीच नव्हती. मी पिशवी घेऊन धडपडत खाली उतरले, तर सर इतके आनंदात होते की मला वाटलं, माझी फजिती त्यांनीच घडवून आणली.

"विपर्यय!" ते म्हणाले. "वस्तू एक, ज्ञान दुसरंच. दोरीले साप समजणं. एका बसमंधी दोन वृत्ती झाल्या तुमच्या."

"आणि माझी खरी बस?"

ती मागच्या बाजूने केव्हाच निघून गेली होती.

सरांचं सगळं आयुष्य एका सूत्राभोवती बांधलेलं होतं. योगसूत्रांतलं दुसरं सूत्र: योगश्चित्तवृत्तिनिरोधः. ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तरी दरवर्षी नववीच्या वर्गात पहिले काही तास त्यातच जायचे. मुख्याध्यापकांनी हटकलं, तर सर म्हणायचे, "पोरायचं चित्त कुठी हाये ते पाह्यल्याशिवाय शब्द कोणाच्या कानात टाकू?"

फळ्यावर ते सूत्र लिहून त्याचे चार तुकडे करायचे. योग, चित्त, वृत्ती, निरोध. प्रत्येक तुकड्याखाली रेघ. पहिल्या शब्दालाच आमचे ड्रिलमास्तर दुखावले होते. ते मुलांना शीर्षासन शिकवत आणि त्यालाच योग म्हणत. सर म्हणाले, "डोकं खाली, पाय वर, ते आसन झालं. इथं योग म्हंजे समाधी. जोडणं असाही त्या शब्दाचा अर्थ हाये, पण या सूत्रात तो नाई. इथं काही जोडाचं नाई, थांबवाचं हाये." ड्रिलमास्तर पुढे महिनाभर सरांना 'समाधीवाले' म्हणायचे. सरांना ते नाव आवडलं, त्यामुळे ड्रिलमास्तरांनीच ते सोडलं.

दुसरा शब्द चित्त. नुसतं मन नव्हे. हवं-नको म्हणणारं मन, ठरवणारी बुद्धी आणि 'मी, मी' करणारा अहंकार, हे तिन्ही मिळून चित्त. तिसरा शब्द वृत्ती. चित्त ज्याच्याकडे जातं, त्याचा आकार घेतं, ओल्या कणकेसारखं. तो आकार म्हणजे वृत्ती. अशा पाच. पहिली प्रमाण, म्हणजे खरं ज्ञान. दुसरी विपर्यय, म्हणजे चुकीचं. तिसरी विकल्प: शब्द ऐकू येतो, अर्थही कळतो, पण त्याच्यामागे वस्तूच नसते. शास्त्रात याला आकाशातल्या फुलासारखी उदाहरणं आहेत. सरांचं उदाहरण होतं, 'मुख्याध्यापकांनी पंख्याबद्दल दिलेलं आश्वासन'. चौथी निद्रा, पाचवी स्मृती.

चौथीवर ते जास्त वेळ घालवत, कारण दुपारच्या तासाला मागचे बाक हमखास डुलायचे. "झोपला म्हंजे मन थांबलं, असं समजू नका," ते झोपलेल्याच्या टाळक्यावर खडू मारून म्हणायचे. "झोप बी वृत्तीच हाये. काहीच नाई, या गोष्टीले धरून बसलेली वृत्ती. म्हून तं उठल्यावर म्हंता, मस्त झोपलो. कोणाले कळलं मस्त झोपलो ते?"

सूत्रातल्या चौथ्या शब्दाला, निरोधाला, मात्र वर्गात खसखस पिकायची. कुटुंबनियोजनाच्या 'निरोध'च्या जाहिरातींनी तेव्हा गावातल्या भिंती रंगल्या होत्या आणि पोरं भिंती वाचायची. सरांना ते हसू कशाचं हे कधीच कळलं नाही. मी दोनदा सांगायला गेले आणि दोनदा परत आले.

निरोधासाठी ते घरून पितळी परात आणत. तळाला एक जुना पैसा, वर पाणी. परात टेबलावर ठेवून हलवायची. पैसा दिसेनासा होई. मग एकाला बोलवायचे. "थांबव लाटा." मूल तळवा पाण्यावर दाबे. पाणी टेबलावर, टेबलावरून हजेरीपटावर. "पाह्यलं? दाबलं का दुसऱ्या लाटा. निरोध म्हंजे दाबणं नाई. लाट उठवाचं सोडणं. आता हात काढ अन् गप बस." सगळा वर्ग परातीकडे बघत बसे. हळूहळू पाणी निवे आणि पैसा दिसू लागे. "पाणी थांबलं का तळ दिसते. पाहणारा आपल्या जागी येते. नाईतर एरवी तो लाटेलेच 'मी' म्हणून बसते. राग आला का म्हणते, मी रागावलो." हे कसं साधायचं, तर अभ्यासाने आणि वैराग्याने. रोज त्याच जागी बसायचं, आणि जे सुटतंय त्याच्यामागे धावायचं नाही.

एके वर्षी त्यांचीच मुलगी कुसुम त्या वर्गात होती. घरी बाबा आणि वर्गात सर, असं तिने कटाक्षाने पाळलं होतं. ती उभी राहिली. "सर, पाच वृत्ती थांबवायच्या म्हणजे पहिलीसुद्धा?"

"हो."

"पण प्रमाण तर खरं ज्ञान आहे. खरं कशाला थांबवायचं?"

मी शेजारच्या वर्गात पायथागोरस शिकवत होते. मधली भिंत छतापर्यंत नव्हती, त्यामुळे आम्ही सगळेच संस्कृत शिकत होतो. सर म्हणाले, "खरं असलं तरी लाटच ना ते. सोन्याची लाट म्हण. पैसा तिच्यानंबी झाकते." मला ते उत्तर पटलं नाही. गणितात खरं उत्तर आलं की आपण थांबतो, ते पुसत नाही. पण मी भिंतीपलीकडून वाद घालत नाही.

आता धुऱ्याबद्दल सांगते.

एवढं सगळं सांगणाऱ्या माणसाचं स्वतःचं चित्त तळेगावजवळच्या एका शेताच्या कडेला बसलेलं असायचं. वडिलांमागे जमीन दोघा भावांत वाटली गेली होती. मधल्या धुऱ्यावर एक पळस. इकडे सर, तिकडे मोठे भाऊ गणपतराव, ज्यांना सर दादा म्हणत आणि कुसुम मोठेबाबा. धुरा म्हणजे दोन शेतांमधली न नांगरलेली पट्टी, बैलगाडी जाईल एवढी रुंद. पेरणीआधी वखर फिरवताना कोणीतरी ती थोडी कोरायचं. मग दुसऱ्या बाजूने कोणीतरी थोडी कोरायचं. असं वर्षानुवर्षं झाल्यावर त्या धुऱ्यावरून बैलगाडी सोडा, मांजर गेलं असतं तर त्यालाही तोल सांभाळावा लागला असता.

सर स्वतः वखर धरत नसत. सालाने ठेवलेला गडी, सालदार, होता. तो दर शनिवारी बातमी द्यायचा: "मालक, मोठ्या मालकानं कोरला आणखी."

आणि सोमवारी आम्ही ते भोगायचो. स्टाफरूममध्ये चहाच्या कपाला नुसती कड असते, पण 'कडेला ठेवा' म्हटलं तरी सरांना धुरा आठवायचा.

"तुम्ही स्वतः पाहिलं का कोरताना?" मी एकदा विचारलं.

"सालदारानं पाह्यलं. आगम!"

"पण जाणता आणि निःस्वार्थी माणूस सांगेल तो आगम ना? तुमचा सालदार तुमच्या बाजूचा."

सर सुपारी चघळायचे थांबले. मग म्हणाले, "बाई, तुमी गणित शिकवा."

मी एकदा त्यांच्याबरोबर शेतावर गेले, कारण सरांच्या पत्नीने हुरड्याला बोलावलं होतं. धुरा बघितला. दोन्ही बाजूंनी सारखा कोरलेला होता. सरांच्या बाजूची ढेकळं तर जास्त ताजी होती. मी ते दाखवलं. सरांनी सालदाराकडे पाहिलं. सालदार पळसाकडे पाहू लागला.

"तू कोरला काय रे?"

"त्यायनं कोरला म्हून कोरला, मालक. आपुन काऊन मांगं राहाचं?"

पलीकडून गणपतराव ओरडले. ते केव्हापासून कपाशीच्या पऱ्हाटीत उभे होते कुणास ठाऊक. उंच, काळेभोर, आवाज सरांचाच, फक्त दुप्पट. "पाह्यलं ना बाईनं! आता सांग मास्तरा, चोर कोन?"

"तुया गडी कोरत नाई काय?"

"मायी जागा हाये ते, मी का बी करीन!"

"मोजणी आणतो मी!"

"आण ना! साखळी आण, साहेब आण, दिल्ली आण!"

हुरडा थंड झाला. सरांच्या पत्नीने तो पुन्हा भाजला आणि म्हणाली, "दरसाल असंच हाये बाई. तुमी खा."

सरांनी खरंच मोजणी आणली. मोजणीदार आला, साखळी पसरली, खुणा केल्या, आणि निकाल सरांच्या बाजूने लागला. पळसासकट सगळा धुरा सरांच्या हिश्शात. सोमवारी सरांनी स्टाफरूमला पेढे वाटले. "प्रमाण!" ते म्हणाले. "मोजून घेतलेलं प्रमाण!" त्या दिवशी त्यांनी एकाही मुलाच्या टाळक्यावर खडू मारला नाही.

कुसुमची शाळा केव्हाच संपली होती; त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा पुलगावचा, नोकरीतला, सगळं व्यवस्थित. आणि कुसुमने जाहीर केलं की मोठेबाबा आल्याशिवाय ती बोहल्यावर चढणार नाही. तिचं बालपण त्यांच्या खांद्यावर गेलं होतं. बैल कसे ओळखायचे, बोरं कुठली गोड, पोहायचं कसं, सगळं तिला मोठ्याबाबांनी शिकवलं. बापाने विभक्ती शिकवल्या.

सर निमंत्रण घेऊन गेले. परत आले ते तोंड पाडून. गणपतराव म्हणाले होते, "मोजणी जिंकून अक्षता घेऊन आला काय? जाय. जिंकलेल्या मानसाच्या मांडवात माया काय काम!"

"मी तं खरा होतो ना बाई," सर मला म्हणाले. "मोजून खरा होतो."

मांडवाला आठवडा राहिला होता. कुसुमची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली, पोरगी काही ऐकत नाही, तुम्ही समजावा. मी गेले ती कुसुमला झापायच्या तयारीने. पाहुणे येऊ लागलेले, शेवया वाळत घातलेल्या, आणि ही नवरी म्हणे लग्न थांबवते. पण कुसुमने मला बोलूच दिलं नाही. ती स्वयंपाकघरातून परात घेऊन आली. तीच पितळी परात, आता त्यात हळद भिजवायची होती. ती बापासमोर ठेवून तिने पाणी ओतलं.

"बाबा, पहिली वृत्ती कोणती?"

सरांना वाटलं, पोरगी लाडात आली आहे. "प्रमाण."

"मोजणी म्हणजे?"

"प्रमाणच."

"मग ती थांबवायची का ठेवायची?"

बाहेर मांडवाचे बांबू कोणीतरी आपटून ठोकत होतं. प्रत्येक ठोक्याला पाण्यावर बारीक वलय उठत होतं.

"तुम्हीच सांगितलं होतं मला वर्गात," कुसुम म्हणाली. "सोन्याची लाट."

"तो शास्त्राचा विषय होता," सर म्हणाले.

"आणि हा?"

सर परातीकडे बघत राहिले. मी मास्तर लोक पुष्कळ पाहिलेत. आपलीच शिकवण परत आली की ते तिच्यात चुका काढतात. सरांनी काढल्या नाहीत. ते हळूच म्हणाले, "लेकाचं, मलेबी तवा नीट समजलं नव्हतं." मग मांडववाल्याला ओरडून सांगितलं, ठोकणं थांबव, आणि टोपी घातली. "बाई, चला सोबत. तुमी असल्या का दादा शिव्या कमी देते."

एस.टी.ने तळेगाव, तिथून पायी. गणपतराव धुऱ्यावरच सापडले. उन्हातान्हात पळसाखाली बसून ते आपल्या कोरलेल्या बाजूकडे पाहत होते.

"दादा," सर म्हणाले, "धुरा तुया."

"का म्हणतं?"

"धुरा तुया. पळसासकट. मले नाई पाहिजे. चाल लग्नाले."

मला वाटलं, झालं. मी मनात परतीच्या बसची वेळ बघू लागले. गणपतराव उठून उभे राहिले.

"मले दान देतं काय बे?"

"दान नाई, दादा..."

"मोजणी तुयी झाली. साहेबानं सांगतलं तुया, तं तुया! गणपत उमाठे फुकटाचा धुरा घेत नसते!"

"पण मले नको!"

"तं मलेबी नको!"

"घे म्हंतो ना!"

"तू ठेव म्हंतो ना!"

असं ते भांडले. आधीच्या भांडणाइतक्याच जोराने, फक्त दिशा उलटी. मी पळसाच्या सावलीत बसून घेतलं. सरांचा चेहरा लाल झाला होता, टोपी तिरपी. मग बोलता बोलता ते एकदम म्हणाले, "इज्जतीचा प्रश्न हाये हा!" आणि तोंड उघडं ठेवूनच थांबले.

"काऊन थांबला?" गणपतराव म्हणाले.

"दादा, इज्जत हा विकल्प हाये."

"का हाये?"

"शब्द हाये, वस्तू नाई. दाखव कुठी हाये ते. धुऱ्यावर हाये का पळसावर?"

गणपतरावांनी खरोखर पळसाकडे बघितलं. मग धुऱ्याकडे. मग माझ्याकडे, जणू मी आणली असेन. सर धुऱ्याच्या कडेला बसले आणि बोटाने मातीत ते सूत्र लिहिलं, फळ्यावर लिहायचे तसं, चार तुकड्यांत. प्रत्येकाचा अर्थ सांगितला. योग. चित्त. वृत्ती, पाचही, झोपेसकट. निरोध. गणपतराव उभ्याउभ्या ऐकत होते, पायाने मातीचं ढेकूळ फोडत.

"म्हंजे भांडण बंद, का योग झाला?"

"नाई दादा. भांडण निवलं का मंग जो भांडण पाहून राह्यला होता, तो दिसते."

गणपतरावांनी भावाकडे नीट पाहिलं. "मले तं तूच दिसून राह्यला," ते म्हणाले. "लई वाळला बे तू. शाळेत खायले देत नाईत काय?"

त्यानंतर दोघांनी मिळून ठरवलं की धुरा कोणाचाच नाही. कोणी वखर लावायचा नाही. मी म्हटलं, हे कागदावर बसणार नाही. दोघेही एकदम म्हणाले, "बाई, तुमी गणित शिकवा."

गणपतराव लग्नाला आले. मांडवात सगळ्यांत मोठ्याने तेच ओरडत होते, वाढपी बुंदी नीट वाढत नाही म्हणून. कुसुम बोहल्यावर चढली तेव्हा सर डोळे मिटून उभे होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, रडताय का सर? सर म्हणाले, "रडत नाई, निरोध करून राह्यलो. जमत नाई."

सर पुढे निवृत्त झाले आणि गावी राहायला गेले. शाळेत संस्कृतला एक तरुण मुलगी आली, चांगली शिकवते, अभ्यासक्रम वेळेत संपवते. परात मात्र नाही, हजेरीपट आता कोरडा असतो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बोर्डाच्या परीक्षेच्या कामासाठी तळेगावला गेले होते तेव्हा. वेळ होता म्हणून शेताकडे वळले. धुरा ओळखू येईना. कोणी वखर न लावल्याने तो दोन्हीकडून फुगला होता. गवत, बोरी, मध्ये तो पळस, फुललेला. बैलगाडी सहज गेली असती. पळसाखाली सर पाठ ताठ करून मांडी घालून बसले होते, डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर. चेहऱ्यावर एकही रेघ नव्हती. मी शास्त्राबिस्त्राच्या भानगडीत पडत नाही, पण पाऊल हळू टाकलं. इतक्या वर्षांनी शेवटी साधलं म्हणायचं माणसाला.

गणपतराव शेजारी बसले होते. ऊन सरकून सरांच्या चेहऱ्यावर आलं, तसे गणपतराव स्वतः थोडे सरकले, आपली सावली त्यावर पडेल असे.

"समाधी लागली?" मी कुजबुजले.

गणपतरावांनी भावाकडे पाहिलं, मग ओठांवर बोट ठेवलं.

"नाई बाई," ते म्हणाले. "चौथी वृत्ती."